सर्व-कर्मचारी यादीवर 'रिप्लाय ऑल'चा पूर : कारण कसे शोधावे आणि मसुदा कसा छाटावा

नागपुरातील एका संस्थेच्या मेल-व्यवस्थेची देखभाल माझ्याकडे आहे. संस्थेची कार्यालये सीताबर्डी, हिंगणा औद्योगिक वसाहत आणि बुटीबोरी येथे असून सर्व-कर्मचारी यादीत सुमारे 1,200 पत्ते आहेत. उन्हाळ्यात कार्यालयाची वेळ सकाळची झाली, दिवाळीच्या सुट्ट्या जाहीर झाल्या किंवा विम्याचे अर्ज मागवले गेले, की एकच तक्रार ठरल्याप्रमाणे माझ्या टेबलावर येते. तिचे निवारण ज्या क्रमाने करावे लागते, तो क्रम येथे दिला आहे.

लक्षणे

पहिले लक्षण सर्वांच्या परिचयाचे आहे. आस्थापना विभागाचे परिपत्रक यादीवर जाते आणि तासाभरात त्याच विषयाखाली वीस-पंचवीस उत्तरे जमा होतात, ज्यांतील बहुतेकांत "नोंद घेतली" किंवा "धन्यवाद सर" यापलीकडे काही नसते. दुसऱ्या टप्प्यात कोणीतरी "माझे नाव कृपया या यादीतून वगळावे" असे सर्वांना कळवतो आणि त्यावर दुसरा कोणी "कृपया सर्वांना उत्तर पाठवू नये" अशी विनंतीही सर्वांनाच पाठवतो. तिसरे लक्षण चटकन दिसत नाही, पण खरे नुकसान त्यातच आहे : ज्या लिपिकाला विभागांकडून नावे हवी होती, त्याला ती या गर्दीत सापडत नाहीत आणि तो गुरुवारी सर्वांना स्मरणपत्र पाठवतो, ज्यावर पुन्हा तशीच उत्तरे येतात. चौथे लक्षण सोमवारी दिसते. रजेवरून परतलेली मंडळी जुन्यात जुना मेल आधी उघडतात, वरची भांडणे वाचण्यापूर्वीच त्याला उत्तर देतात आणि शांत झालेला विषय पुन्हा वर येतो.

आकड्यांत सांगायचे तर 1,200 जणांच्या यादीवर पंचवीस उत्तरे आली, की 30,000 प्रती पोहोचवाव्या लागतात. प्रत्येकाच्या सहीखाली संस्थेचे बोधचिन्ह असते. चित्राचा आकार 150 केबी असेल, तर मेलमधून जाताना तो सुमारे एकतृतीयांशाने वाढून 200 केबी होतो, म्हणजे दोन शब्दांच्या एका "नोंद घेतली"पोटी सर्व पेट्यांत मिळून सुमारे 240 एमबी जागा जाते.

पहिली तपासणी : पत्त्याच्या ओळीत नेमके कोण आहे?

ही तपासणी फुकट आहे आणि तिला दहा सेकंद पुरतात. वितरण यादी 'टू'च्या ओळीत एखाद्या व्यक्तीसारखी एकाच नावाने दिसते, त्यामुळे "साहेबांना आणि आणखी एकाला पाठवतो आहे" असा समज सहज होतो. म्हणून लिहायला सुरुवात करण्यापूर्वी त्या नावावर दोनदा क्लिक करून सदस्य पाहावेत. संस्थेची मेल-व्यवस्था मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल-सर्व्हरवर असेल, तर मोठ्या यादीला लिहिताना आउटलुक वरच्या पट्टीत प्राप्तकर्त्यांची संख्या सांगून सावधही करते. मूळ मांडणीत ही मर्यादा 25 जणांची असते. ही पट्टी अनेकांना इतकी सवयीची झाली आहे, की त्यांना ती दिसतच नाही.

आउटलुकमध्ये यादीच्या नावाशेजारी अधिकचे चिन्ह असते. ते दाबले, की यादी उलगडून एकेक पत्ता सुटा होतो आणि त्या मेलपुरता तो पुन्हा गोळा करता येत नाही. असा उलगडलेला मेल चुकूनही पाठवू नये. यादीवर कोणी लिहावे यावर आम्ही जी बंधने घालतो, ती यादीच्या पत्त्यावर असतात. पत्ते सुटे झाले, की ती सर्व बंधने बाजूला पडतात आणि त्यापुढचा प्रत्येक 'रिप्लाय ऑल' थेट 1,200 पेट्यांत जातो. केवळ पाहण्यासाठी उलगडले असेल, तर तो मसुदा टाकून द्यावा आणि नवा उघडावा.

दुसरी तपासणी : बटण कोणते दाबले जाते?

काही जण 'रिप्लाय ऑल' जाणूनबुजून दाबत नाहीत, त्यांच्या मेलची मांडणीच तशी असते. जीमेलमध्ये `Settings` → `See all settings` → `General` या पानावर `Default reply behavior` अशी ओळ आहे. तेथे `Reply` निवडलेले असावे. त्याच पानावर `Undo Send` आहे, ज्याची मुदत 5 सेकंदांवरून 30 सेकंदांपर्यंत वाढवता येते आणि मी ती सर्वांना वाढवूनच देतो. फोनवरील अ‍ॅपची मांडणी वेगळी तपासावी लागते, कारण संगणकावर केलेला बदल तेथे लागू होईलच असे गृहीत धरता येत नाही.

एवढे करूनही साधे 'रिप्लाय' दाबल्यावर पत्त्याच्या ओळीत यादीचेच नाव येत असेल, तर दोष तुमच्याकडे नाही. यादी चालवणाऱ्याने उत्तराचा पत्ता म्हणून यादीच नोंदवलेली आहे. अशा वेळी तो पत्ता हाताने पुसून मूळ पाठवणाऱ्याचा पत्ता घालावा आणि यादीच्या चालकाला कळवावे.

तिसरी तपासणी : उत्तर कोणाला हवे आहे?

येथून पुढे बटणांचा प्रश्न राहत नाही, निर्णयाचा सुरू होतो. मी एकच कसोटी लावतो : हा मेल वाचल्यावर यादीतील जवळपास प्रत्येकाला काही वेगळे करावे लागणार आहे का? लागणार नसेल, तर तो सर्वांना जाऊ नये. "सर्वांना माहीत असलेले बरे" हे कारण मी पुरेसे मानत नाही, कारण त्या कारणाखाली काहीही बसवता येते.

ही कसोटी संख्येवर अवलंबून नाही आणि तिची उलटी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाच जणांच्या खरेदी समितीत एका सदस्याने सुधारित दर फक्त अध्यक्षांना कळवले, तर उरलेले तिघे जुन्या दरावर टिपणी लिहीत बसतात. तेथे 'रिप्लाय ऑल' न करणे हाच दोष ठरतो. पुराच्या तक्रारी ऐकून घाबरलेली माणसे हळूहळू सर्वत्र एकट्यालाच उत्तर देऊ लागतात, आणि मग समितीचे कामकाज तीन वेगवेगळ्या पत्रव्यवहारांत विखुरते. ती तक्रारही शेवटी माझ्याकडेच येते.

मोठ्या यादीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : चूक लक्षात आली असेल, तर ती मूळ पाठवणाऱ्याने सुधारावी की मी? बहुतेक वेळा त्यानेच, कारण एकाच विषयावर दोन वेगवेगळ्या व्यक्तींचे मेल आले, की वाचणाऱ्याला कोणता ग्राह्य धरावा हे कळत नाही. ती माहिती तुमच्या अधिकारातील असेल, मूळ पाठवणारा फोनवरही सापडत नसेल आणि उशीर झाल्यास लोक चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या ठिकाणी पोहोचणार असतील, तरच स्वतः सर्वांना लिहावे. या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याचे प्रसंग फार थोडे असतात.

आता "नोंद घेतली"कडे वळू, कारण पुराचा मोठा वाटा त्याचा असतो आणि त्याबद्दल कर्मचाऱ्यांना दोष देणे मला पटत नाही. कागदी परिपत्रक शिपाई वहीत घालून टेबलाटेबलांवर फिरवत असे आणि प्रत्येक जण आपल्या नावापुढे सही करत असे. सही नसेल, तर "परिपत्रक पाहिले नाही" असा ठपका येण्याची शक्यता असे. ती सवय मेलमध्ये आली आणि सहीची जागा "नोंद घेतली"ने घेतली. बारा-पंधरा जणांनी तसे लिहिल्याचे दिसले, की उरलेल्यांना गप्प राहणे धोक्याचे वाटू लागते. हा भाग उत्तर देणाऱ्यांना समजावून थांबत नाही. परिपत्रकाच्या पहिल्याच ओळीत "या मेलची पोच देण्याची आवश्यकता नाही" असे छापले, की तो थांबतो. पोच खरोखरच हवी असेल, तर ती वेगळ्या फॉर्मवर घ्यावी. मात्र मेलवर वाचल्याची पावती मागू नये, कारण ती 1,200 पावत्या पाठवणाऱ्याच्याच पेटीत आणून ओतते.

चौथी तपासणी : मसुदा वाक्यावाक्याने छाटणे

उन्हाळी वेळेच्या परिपत्रकात "कार्यालयाची वेळ 1 मेपासून सकाळी 8 राहील, विभागप्रमुखांनी पाळीपत्रकासाठी नावे गुरुवारपर्यंत कळवावीत" असे होते. त्याला बुटीबोरी येथील एका विभागप्रमुखांनी सर्वांसाठी तयार केलेला मसुदा पाठवण्यापूर्वी मला दाखवला. त्यांच्या संमतीने, नावे वगळून, तो येथे देतो.

"आदरणीय महोदय, परिपत्रक मिळाले, धन्यवाद. आमच्या विभागातील नऊ जणांची नावे व मोबाईल क्रमांक खाली दिले आहेत. 1 मे रोजी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असल्याने नवी वेळ 1 तारखेपासून की 2 तारखेपासून, हे स्पष्ट व्हावे. सीताबर्डीहून येणारी बस सध्या सकाळी 8:30 वाजता सुटते, तिची नवी वेळ कळवावी. मागील वर्षीही ऐनवेळी कळवल्यामुळे गैरसोय झाली होती, हे नाइलाजाने नमूद करावे लागते. तसेच माझा रजेचा अर्ज आपल्याकडे प्रलंबित आहे, त्यावर निर्णय व्हावा."

मसुदा सभ्य आहे आणि त्यात एकही निरर्थक प्रश्न नाही. अडचण एवढीच, की त्यात सहा गोष्टी आहेत आणि त्या सहांचे वाचक वेगवेगळे आहेत. अशा वेळी मी प्रत्येक वाक्यापुढे समासात वाचकाचे नाव लिहायला सांगतो. पोच व आभार : कोणीही नाही, वाक्य काढले. नऊ नावे व क्रमांक : पाळीपत्रक करणारा लिपिक, आणि फक्त तोच, कारण सहकाऱ्यांचे खासगी मोबाईल क्रमांक 1,200 जणांपर्यंत पोहोचवण्याचा अधिकार विभागप्रमुखांनाही नाही. बसची वेळ : वाहतूक प्रभारी, सीसीमध्ये परिपत्रक काढणारे अधिकारी. रजा : संबंधित वरिष्ठ, स्वतंत्र मेलने. मागील वर्षीच्या गैरसोयीचे वाक्य मात्र अवघड होते. तक्रार खरी होती, पण 1,200 जणांसमोर लिहिल्यावर अधिकाऱ्याला उत्तर देण्याऐवजी बचाव करावा लागतो आणि बसचा प्रश्न तसाच राहतो. ते वाक्य त्यांनी काढले आणि पुढच्या बैठकीत तो मुद्दा मांडायचे ठरवले.

उरला सुट्टीचा प्रश्न. तो खरोखरच सर्वांचा आहे, म्हणून तो सर्वांना पाठवण्याचा मोह होतो. पण प्रश्न सर्वांना विचारून उत्तर मिळत नाही, उत्तर देऊ शकणारा माणूस एकच असतो. शिवाय तोच प्रश्न पडलेले आणखी दहा जण "मलाही हेच विचारायचे होते" असे लिहायला पुढे येतात. म्हणून तो अधिकाऱ्यांनाच गेला, तो असा :

"महोदय, 1 मे रोजी महाराष्ट्र दिनाची सुट्टी आहे. नवी वेळ 2 मेपासून समजावी का? हा प्रश्न सर्वच विभागांना पडेल असे वाटते, तेव्हा आपल्याकडून एकत्रित खुलासा जावा ही विनंती."

दुपारनंतर अधिकाऱ्यांकडून यादीवर एकच मेल गेला : "नवी वेळ 2 मेपासून लागू राहील. बुटीबोरीची बस सीताबर्डीहून सकाळी 7 वाजता सुटेल. पोच देण्याची आवश्यकता नाही." मूळ मसुद्यातून सर्वांपर्यंत जे पोहोचायला हवे होते, ते एवढेच होते.

सर्वांना लिहिणे अटळच असेल, तर मजकुराची पहिली ओळ निर्णयाची असावी, खालचा उद्धृत पत्रव्यवहार पूर्ण पुसावा आणि सहीतील बोधचिन्ह काढावे. जोडपत्र पाठवण्याऐवजी सामायिक जागेतील फाइलचा दुवा द्यावा. विषयाची ओळ बदलण्यापूर्वी मात्र विचार करावा, कारण ज्यांनी तो विषय आपल्या पेटीत गप्प करून ठेवला आहे, त्यांच्यासमोर नव्या नावाने तो पुन्हा येऊन उभा राहतो. खुलासा खरोखर नवा असेल, तरच नवे नाव द्यावे.

पाचवी तपासणी : यादी बीसीसीमध्ये टाकली आहे का?

ही तपासणी परिपत्रक काढणाऱ्यांसाठी आहे. 'टू'मध्ये स्वतःचा किंवा विभागाचा पत्ता आणि बीसीसीमध्ये यादी असेल, तर कोणी 'रिप्लाय ऑल' दाबले तरी उत्तर यादीवर जात नाही, पाठवणाऱ्याकडेच परत येते. आमच्या अनुभवात पूर रोखणारा याहून स्वस्त उपाय नाही. त्यासोबत दोन पथ्ये पाळावी लागतात. मजकुरात "हा मेल सर्व कर्मचाऱ्यांना पाठवला आहे" असे लिहावे, अन्यथा प्रत्येकाला तो फक्त आपल्यालाच आला असे वाटते आणि तो सहकाऱ्यांना पुढे पाठवू लागतो. दुसरे असे, की काहींनी यादीचे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये जावेत असा नियम 'टू'मधील नावावर लावलेला असतो. बीसीसीमुळे तो नियम चालत नाही आणि त्यांची विचारणा येते. ती सहन करावी.

येथे थांबावे आणि मेल-प्रशासकाला बोलवावे

पूर सुरू झाला असेल, तर वरीलपैकी काहीही उपयोगाचे नाही आणि स्वतः करण्यासारखे एकच काम उरते : त्या संभाषणावर जीमेलमध्ये `Mute` किंवा आउटलुकमध्ये `Ignore` दाबावे. "कृपया थांबा" असे लिहू नये. मेल परत बोलावण्याची आउटलुकची सोयही वापरू नये, कारण ती संस्थेबाहेरच्या पत्त्यांवर चालत नाही आणि तेथे मेल परत बोलावल्याची आणखी एक सूचना मात्र जाऊ शकते.

पुढील परिस्थितीत लगेच फोन करावा. दोन पेट्यांची स्वयंचलित उत्तरे एकमेकींना उत्तरे देत असतील, तर माणसे थांबली तरी ते चक्र थांबत नाही आणि ते सर्व्हरवरच तोडावे लागते. कोणाच्या उत्तरात वेतनपत्रक, पॅन किंवा आधार क्रमांक सर्वांना गेला असेल, तर तो मेल दाखवण्यासाठीसुद्धा पुढे पाठवू नये. फोनवर विषय आणि वेळ सांगावी, पेट्यांतून तो काढण्याचे अधिकार प्रशासकाकडे असतात. यादीत दुसऱ्या याद्या गुंफलेल्या असतील आणि तिचा चालक कोण हेच कोणाला ठाऊक नसेल, तर तेही काम आमचे आहे.

प्रशासक सर्वप्रथम यादीवर लिहिण्याचा अधिकार मोजक्या पत्त्यांपुरता मर्यादित करतो. एक्स्चेंजमध्ये ती आज्ञा अशी असते :

```
Set-DistributionGroup -Identity "all-staff" `
  -AcceptMessagesOnlyFromSendersOrMembers "establishment"
```

यानंतर इतर कोणी यादीवर लिहिले, तर मेल त्याच्याकडेच परत येतो. हे बंधन पहिल्याच दिवशी घालायला हवे होते असे सर्वांना नंतर वाटते, पण वाहतूक, विमा आणि आरोग्य विभागांना यादी खुली हवी असते, त्यामुळे प्रत्येक नाव मंजूर करून घेण्यात वेळ जातो.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मायक्रोसॉफ्टमध्ये ऑक्टोबर 1997 मध्ये 'बेडलॅम डीएल3' या नावाच्या, सुमारे 13,000 पत्त्यांच्या यादीवर असाच पूर आला होता आणि "मला यादीतून काढा" व "सर्वांना उत्तर देऊ नका" हीच उत्तरे तेथेही होती. त्याच कंपनीने 2020 मध्ये आपल्या ऑनलाइन मेल-सेवेत आपोआप लागू होणारा बंधारा घातला : 5,000 हून अधिक प्राप्तकर्त्यांना 60 मिनिटांत दहा 'रिप्लाय ऑल' गेले, की पुढची उत्तरे तेव्हा 4 तास अडवली जात. हे आकडे नंतर बदलता येऊ लागले, पण 1,200 जणांच्या यादीने हा बंधारा आपसूक काम करेल अशी अपेक्षा ठेवू नये. तो आपल्याकडे कोणत्या आकड्यावर लावला आहे, हे प्रशासकाला विचारून घ्यावे.

फोन करताना यादीचा पूर्ण पत्ता, पहिल्या मेलची वेळ आणि पाठवणाऱ्याचे नाव एवढे तयार ठेवावे. यादी बंद झाल्यावर आस्थापना विभागाकडून एक शेवटचा मेल बीसीसीने जावा, ज्यात ग्राह्य धरायचा निर्णय एका ओळीत असेल आणि नावे कोणत्या पत्त्यावर पाठवायची ते दुसऱ्या ओळीत असेल. तो सोमवारी सकाळी कार्यालय उघडण्यापूर्वी पाठवावा, म्हणजे रजेवरून परतणाऱ्यांच्या पेटीत तो सर्वांत वर दिसेल.